दोन पाळणे, एक घड्याळ: जुळ्यांच्या झोपेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुळी घरी आली की सल्ल्यांची रीघ लागते आणि त्यातले निम्मे सल्ले झोपेविषयी असतात. एक उठलं की दुसरं उठणारच, झोपलेल्या बाळाला कधी उठवू नये, दोघांना एकाच पाळण्यात घातलं की शांत राहतात. यातलं काही अर्धं खरं असतं, काही अजिबात खरं नसतं, आणि एखादं धोक्याचंही असतं. त्यातले चार समज इथे पाहू. एक उदाहरण मात्र सगळीकडे तेच ठेवू. समजा, जुळी 36व्या आठवड्यात जन्मली. थोरली अडीच किलोची, धाकटा दोन किलोचा. आज दोघं दहा आठवड्यांची आहेत.

गैरसमज 1: जुळी आहेत, म्हणजे दोघांची झोप सारखीच असणार.

वस्तुस्थिती: एकाच दिवशी जन्म झाला म्हणून दोघांचं पोट एकाच वेळी रिकामं होत नाही. आपल्या उदाहरणातली थोरली एका वेळी जास्त दूध पिते आणि तीन तास झोपते. धाकट्याचं पोट लहान, तो दोन-अडीच तासांत जागा होतो. पहिल्या काही महिन्यांत झोप भुकेच्या मागे चालते, त्यामुळे वजनातला अर्ध्या किलोचा फरकही रात्री जाणवतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांत एकसारख्या दिसणाऱ्या, म्हणजे एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची रात्रीची झोप इतर जुळ्यांपेक्षा अधिक मिळतीजुळती आढळते. तरीही घरातला दिनक्रम कसा आहे याचा झोपेवर, विशेषतः दिवसाच्या झोपेवर, मोठा परिणाम होतो. म्हणून दोघांची वेळ जुळवता येते, पण ती आपोआप जुळेल असं धरून चालू नये.

वयाचा हिशेबही नीट करावा लागतो. पूर्ण दिवस 40 आठवड्यांचे धरले तर ही बाळं चार आठवडे आधी आली. झोपेच्या बाबतीत ती दहा नव्हे, सहा आठवड्यांची धरायची. दिवस आणि रात्र यांतला फरक बाळाच्या शरीराला साधारण दोन-तीन महिन्यांच्या पुढे कळू लागतो, आणि लवकर जन्मलेल्या बाळासाठी ते महिने मूळ तारखेपासून मोजायचे असतात. शेजारचं तीन महिन्यांचं बाळ सलग पाच तास झोपत असेल, तर त्याच्याशी या दोघांची तुलना साधारण सात आठवड्यांनी करावी.

गैरसमज 2: झोपलेल्या बाळाला उठवू नये.

वस्तुस्थिती: एकेकट्या, वजन नीट वाढणाऱ्या बाळाला हा नियम पुष्कळदा लागू पडतो. जुळ्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत तो लागू करता येत नाही. कमी वजनाचं किंवा लवकर जन्मलेलं बाळ भूक लागूनही उठत नाही, म्हणून डॉक्टर बहुधा दर दोन-तीन तासांनी पाजायला सांगतात. म्हणजे उठवायचं तर आहेच. प्रश्न फक्त कधी उठवायचं हा उरतो.

हिशेब करून पाहा. एका बाळाला पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि पुन्हा झोपवणं यांत साधारण 40 मिनिटं जातात असं धरू. दोघांच्या वेळा एकमेकांपासून दीड तास पुढेमागे असतील, तर आईला प्रत्येक दीड तासात फक्त 50 मिनिटं मोकळी मिळतात. तेवढ्यात डोळा लागतो तोच दुसरं रडू लागतं. हीच दोघं एका पाठोपाठ 80 मिनिटांत पाजून झाली, तर तीन तासांच्या चक्रात सलग 100 मिनिटं मिळतात. पाजण्याच्या वेळा तितक्याच राहतात, आईची झोप मात्र सलग होते.

त्यासाठी रीत अशी. दोघांपैकी जे आधी भुकेनं उठेल ते वेळ ठरवतं. धाकटा रात्री 12:40 ला उठला, तर त्याला पाजून झाल्यावर पाव ते अर्ध्या तासाच्या आत थोरलीला उठवायचं. घरात दुसरं कोणी मदतीला असेल, किंवा दोघांना दोन्ही बगलांत धरून एकत्र पाजायचं जमत असेल, तर लगेच उठवायचं. सुरुवातीला वेळांत दीड तासाचं अंतर असेल, तर ते एका फटक्यात मिटवू नये. रोज 15-20 मिनिटं अलीकडे आणावं, चार-पाच दिवसांत वेळा जवळ येतात. दिवसाची सुरुवात मात्र दोघांची एकच ठेवावी. सकाळी सातला दोघांना उठवून पडदे उघडायचे, पाजायचं, आणि मग दहा, एक, चार, सात असा क्रम धरायचा. झोप लागण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठवण्याची असते, म्हणून दिनक्रम उठण्याच्या वेळेवर बांधायचा.

उठवतानाही क्षण निवडता येतो. पापण्यांखाली बुबुळं हलताहेत, तोंड चोखल्यासारखं करतंय, हातपाय वळवळताहेत, अशा हलक्या झोपेतलं बाळ सहज उठतं. श्वास एकसारखा आणि हात सैल पडलेला असेल तर दहा मिनिटं थांबावं. मग दुपटं सैल करावं, लंगोट बदलावा, अंगाशी घ्यावं. बहुधा एवढ्याने काम होतं.

या पद्धतीला मर्यादा आहे. उठवलेलं बाळ दोन घोट घेऊन पुन्हा पेंगत असेल, वजन वाढत नसेल, किंवा दिवसात सहापेक्षा कमी ओले लंगोट होत असतील, तर वेळा जुळवण्याचा नाद सोडून आधी डॉक्टरांना दाखवावं. आणि वजन चांगलं वाढू लागलं, डॉक्टरांनी रात्री उठवायची गरज नाही असं सांगितलं, की रात्री दुसऱ्याला उठवणं थांबवून बघावं. थोरली वीस मिनिटांनी स्वतःच उठली तर तिला अजून ते दूध हवं आहे. ती पहाटे चारपर्यंत झोपली तर त्या वेळेला तिला उठवायची गरज संपली. दिवसा मात्र वेळा एकत्रच ठेवाव्यात.

गैरसमज 3: एक रडलं की दुसरं उठतंच, म्हणून वेगळ्या खोल्या हव्यात.

वस्तुस्थिती: जुळी पोटातही एकमेकांच्या सोबत असतात, आणि घरी आल्यावर एकमेकांचा आवाज त्यांच्या रोजच्या सवयीचा होतो. गाढ झोपेतलं बाळ शेजारच्या रडण्यानं बहुधा हलतही नाही. तरी दोघं एकाच वेळी उठल्यासारखी वाटतात, आणि त्याची कारणं वेगळी असतात.

पहिलं म्हणजे आपण झोपेतल्या हालचालीला जाग समजतो. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप हलकी, चळवळीची असते. त्यात ते कण्हतं, मुसमुसतं, क्षणभर डोळेही उघडतं. धाकट्याचा आवाज ऐकून आपण दिवा लावतो, थोरली जरा कण्हली की तिलाही उचलतो, आणि तिला उठवणारे आपणच असतो. तिच्याकडे दोन-तीन मिनिटं नुसतं पाहावं. रडणं चढत गेलं तर उचलावं, विरत गेलं तर ती झोपेतच होती.

दुसरं कारण वेळेचं. बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण 50 ते 60 मिनिटांचं असतं आणि चक्र संपताना झोप सावध असते. नेमकं त्या क्षणी शेजारी रडणं सुरू झालं तर खरोखर जाग येते. तिसरं कारण भूक. दोघांना एकाच वेळी पाजलं असेल तर दोघांना एकाच सुमारास भूक लागेल, त्यात आवाजाचा दोष नाही.

यातलं खरं कारण ओळखायला तीन दिवस साधी वही ठेवावी. कोण आधी उठलं, दुसरं किती मिनिटांनी उठलं, त्याला शेवटचं कधी पाजलं होतं आणि आता ते किती प्यायलं, एवढंच लिहायचं. दुसरं बाळ पोटभर प्यायलं तर ते भुकेनंच उठलं. पाजून दोन तासही झाले नसतील आणि थोपटल्यावर दूध न घेताच झोपलं तर ते आवाजानं उठलं. आवाजच कारण ठरला तर पाळण्यांत खोलीभर अंतर ठेवावं, दिवा मंद ठेवावा, पंख्याचा एकसुरी आवाज राहू द्यावा. आवाजाचं यंत्र वापरलंच तर ते बाळापासून किमान दोन मीटर लांब आणि हळू आवाजात असावं.

पहिले सहा महिने बाळं आईवडिलांच्याच खोलीत, पण आपापल्या जागी झोपावीत, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. त्यानंतर भोवतालचं भान वाढतं आणि काही जुळी खरोखर एकमेकांना उठवू लागतात. तेव्हाही बहुतेक घरांत दिवसाच्या झोपेपुरती वेगळी जागा केली की भागतं. एकाची दुपारची झोप 35 मिनिटांत संपली तर दुसऱ्याला अर्धा तास आणखी झोपू द्यावं आणि मग उठवावं, म्हणजे रात्रीची वेळ दोघांची एकच राहते.

गैरसमज 4: एकाच पाळण्यात घातलं की दोघं शांत झोपतात.

वस्तुस्थिती: शेजारी झोपल्यानं झोप वाढते असा ठाम पुरावा नाही. धोका मात्र आहे. एकाचा हात किंवा दुपटं दुसऱ्याच्या नाकातोंडावर येऊ शकतं. अमेरिकेतल्या त्याच संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शनात प्रत्येक बाळासाठी वेगळी, कडक आणि सपाट जागा सांगितली आहे, आणि जुळ्यांना एकत्र झोपवू नये असंही म्हटलं आहे. ब्रिटनमध्ये बाळं कुशीवर वळू लागेपर्यंत एका पाळण्यात, पण पाठीवर आणि मोकळी ठेवण्याची मुभा दिली जाते. दोन्हीकडे पाठीवर झोपवण्याचा नियम सारखाच आहे. उशी, मोहरीची उशी, जाड गोधडी यांपैकी काहीही पाळण्यात नको.

आपल्याकडच्या झोळीबद्दल वेगळं बोलायला हवं. झोळीत बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर टेकू शकते. लवकर जन्मलेल्या बाळाचा श्वास त्यामुळे अडखळू शकतो. झोळीत दोघांना एकत्र तर घालूच नये. एकालाही तिथे कोणाची नजर असतानाच ठेवावं, आणि डोळा लागला की सपाट जागी हलवावं. जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी असलेल्या बाळाला मोठ्यांच्या पलंगावर मोठ्यांसोबत झोपवण्यात धोका आणखी वाढतो, म्हणून आपल्या उदाहरणातल्या धाकट्याची जागा आईच्या अंथरुणाला लागून पण वेगळी हवी. लहान घरात दोन पाळणे मावत नसतील, तर जमिनीवर दोन वेगळ्या, पातळ आणि कडक गाद्या मध्ये हातभर जागा सोडून टाकल्या तरी चालतं.

एकाला श्वासाचा, हृदयाचा किंवा दूध ओकण्याचा वेगळा त्रास असेल, तर त्याचं पाजण्याचं वेळापत्रक डॉक्टरांनी त्याच्यापुरतं ठरवलेलं असतं. अशा वेळी दोघांना एका घड्याळावर आणण्याचा प्रयत्न बाजूला ठेवावा आणि रात्रीच्या पाळ्या घरातल्या दोघा मोठ्यांत वाटून घ्याव्यात: आईने एका बाळाची, बाबांनी किंवा आजीने दुसऱ्याची.