नको ते वजा करताना

पुण्यात एखाद्या सिग्नलला दोन-तीन मिनिटं थांबून समोरच्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचत राहिलं, की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. एमएच १२ आणि त्यापुढची अक्षरं सोडून द्यावीत, फक्त शेवटचे चार अंक पाहावेत. २०७२, ४४१९, ८१८१, ५६६३. जवळजवळ दर दुसऱ्या गाडीच्या नंबरात एखादा तरी अंक पुन्हा आलेला असतो. पाहणाऱ्याला हा योगायोग वाटतो. तो तसा नाही, हे मोजून दाखवता येतं.

एका मालिकेत ०००१ पासून ९९९९ पर्यंत ९,९९९ नंबर असतात. त्यांतल्या किती नंबरांमध्ये किमान एक अंक पुन्हा आलेला असेल?

सरळ मोजायला बसलं तर आधी प्रकार पाडावे लागतात. एकच जोडी आणि बाकीचे दोन अंक वेगळे (४४१९सारखे): जोडीच्या दोन जागा ६ प्रकारे ठरतात, जोडीचा अंक १० प्रकारे, उरलेले दोन ९ आणि ८ प्रकारे. असे झाले ४,३२०. दोन जोड्या (८१८१सारखे): २७०. एक अंक तीनदा: ३६०. चारही अंक एकच: १०. बेरीज ४,९६०. त्यात ०००० सुद्धा मोजला गेला आहे आणि तो नंबर कुणाला मिळत नाही. तो काढला की ४,९५९.

आता दुसरी वाट. एकही अंक पुन्हा न आलेले नंबर किती? पहिला अंक १० प्रकारे, दुसरा ९, तिसरा ८, चौथा ७, गुणाकार ५,०४०. एकूण ९,९९९ मधून ते वजा केले की ४,९५९. पहिल्या वाटेवर चार प्रकार, त्यांच्या जागा आणि वर ०००० ची आठवण, एवढं सगळं सांभाळावं लागलं. दुसऱ्या वाटेवर एक गुणाकार आणि एक वजाबाकी. शंभरातल्या जवळपास पन्नास नंबरांत अंक पुन्हा येतोच, हेही त्यातून कळलं.

दुसऱ्या वाटेवरचा तो उतरता गुणाकार आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) शेवटी ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण येतं. १ ते ९ मधले सगळे वेगवेगळे अंक घेऊन सहा स्थानांच्या संख्या किती होतील, असा प्रश्न तिथे आहे. उत्तर ९ × ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६०,४८०. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चंगदेव याने मठ काढल्याची नोंद त्यात आहे.

अकरावीला पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन शिकताना मुलं सूत्रांपाशी सहसा अडत नाहीत. ती अडतात ‘किमान’, ‘जास्तीत जास्त’, ‘शेजारी नको’ या शब्दांपाशी. अट आली की दोन दारं उघडतात: हवं ते थेट मोजायचं, किंवा सगळं मोजून नको ते काढून टाकायचं. कुठल्या दाराने जायचं हे ठरवण्याआधी एक चूक नीट पाहायला हवी, कारण ती फार शहाण्यासारखी दिसते.

एका सोसायटीत गणेशोत्सव समितीसाठी नऊ जण तयार आहेत, पाच पुरुष आणि चार महिला. समिती चौघांची, आणि तीत किमान एक महिला हवी. अशा किती समित्या होऊ शकतात? वर्गात पटकन हात वर होतो. आधी एक महिला निवडून टाकू, अट पुरी झाली. ती ४ प्रकारे निवडता येते. मग उरलेल्या आठांतून कोणतेही तीन घेऊ, ते ५६ प्रकारे. चार गुणिले छप्पन्न, २२४.

यात पायरीगणिक काही चुकलंय असं वाटतच नाही. पण अट बाजूला ठेवून नऊ जणांतून कोणतेही चार घेतले तरी समित्या होतात फक्त १२६. अट घातल्यावर समित्या वाढतात कशा?

एकच समिती हातात धरून पाहिली की उलगडा होतो. समजा समितीत मीना, सुनंदा आणि दोन पुरुष आहेत. आधी ‘अटीपुरती महिला’ म्हणून मीनाला घेतलं आणि उरलेल्या तिघांत सुनंदा आली, ही एक मोजणी. आधी सुनंदाला घेतलं आणि उरलेल्यांत मीना आली, ही दुसरी. समिती तीच, माणसं तीच, पण वहीत ती दोनदा लिहिली गेली. समितीत जितक्या महिला, तितक्या वेळा ती मोजली जाते. हिशेब तंतोतंत जुळतो: एक महिला असलेल्या समित्या ४०, दोन असलेल्या ६०, तीन असलेल्या २०, चारही महिला असलेली १. चाळीस एकदा, साठ दोनदा, वीस तीनदा आणि एक चारदा मोजली की ४० + १२० + ६० + ४ = २२४. चुकीच्या उत्तरातली प्रत्येक जादा समिती कुठून आली, हे असं बोट ठेवून दाखवता येतं.

बरोबर उत्तर काढायला नको असलेली समिती कोणती ते विचारायचं. ‘किमान एक महिला’ याच्या उलट ‘एकही महिला नाही’. पाच पुरुषांतून चार, अशा समित्या ५. मग १२६ − ५ = १२१. वरच्या चार प्रकारांची बेरीज केली तरी ४० + ६० + २० + १ = १२१.

पण म्हणून ‘किमान’ दिसलं की वजाबाकी, असा नियम करून टाकला तर पुढच्याच गणितात तो महागात पडतो. अट बदलून ‘किमान तीन महिला’ केली, तर थेट मोजणीत दोनच प्रकार आहेत, २० आणि १, उत्तर २१. वजाबाकीने जायचं तर शून्य, एक आणि दोन महिलांच्या समित्या मोजून १२६ मधून १०५ काढायच्या. उत्तर तेच येतं, मेहनत उगाच वाढते. ‘किमान दोन’ असेल तर एका बाजूला तीन प्रकार, दुसऱ्या बाजूला दोन; कसंही करा, ८१. म्हणजे शब्दाकडे पाहून दार निवडायचं नसतं. हव्या बाजूला प्रकार किती पडतात आणि नको असलेल्या बाजूला किती, ते कागदाच्या कडेला मांडायचं आणि कमी प्रकारांच्या बाजूने जायचं.

वजाबाकीचा खरा धोका वेगळाच आहे. ‘नको ते’ म्हणजे नेमकं काय, हे चुकीचं ठरवलं, की गणित एका वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देतं.

फोटोसाठी पाच मुलगे आणि तीन मुली एका रांगेत उभ्या करायच्या आहेत, आणि कोणत्याही दोन मुली शेजारी-शेजारी नकोत. आठ जणांच्या एकूण रांगा ८!, म्हणजे ४०,३२०. आता बरेच जण म्हणतात, मुली एकत्र नकोत ना? मग तिघी एकत्र असलेल्या रांगा काढून टाकू. तिघींचा एक गठ्ठा धरला की सहा वस्तू, ६! × ३! = ४,३२०. वजा केलं, ३६,०००.

या ३६,००० रांगांमध्ये तिघी सलग नाहीत, हे खरं. पण दोघी शेजारी आणि तिसरी लांब, अशा रांगा त्यांत तशाच राहिल्या आहेत. ‘कोणत्याही दोघी शेजारी नकोत’ याच्या उलट ‘तिघी एकत्र’ हे नाही. त्याच्या उलट ‘निदान दोघी तरी शेजारी आहेत’ हे आहे. मराठीत दोन्ही वाक्यं ‘मुली एकत्र नकोत’ अशी सहज बोलली जातात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

इथे थेट मोजणी फार सुंदर चालते. आधी पाच मुलगे उभे करा, १२० प्रकारे. त्यांच्यामधल्या चार फटी आणि दोन टोकं मिळून सहा जागा तयार होतात. एका फटीत एकच मुलगी, म्हणून पहिलीला सहा जागा, दुसरीला पाच, तिसरीला चार: पुन्हा १२०. गुणाकार १४,४००. आणि ३६,००० शी असलेला फरक, २१,६००, तोही तपासता येतो. दोघींची क्रमासह जोडी आणि तिसरी एकटी, हे ६ प्रकारे; जोडी आणि एकटी वेगवेगळ्या फटींत, ६ × ५ = ३० प्रकारे; मुलगे १२० प्रकारे. ६ × ३० × १२० = २१,६००. नेमक्या याच रांगा चुकून आत राहिल्या होत्या.

मुली दोनच असत्या आणि मुलगे सहा, तर मात्र वजाबाकी निर्धास्त करावी. दोघींच्या बाबतीत ‘शेजारी नाहीत’ आणि ‘एकत्र नाहीत’ यांचा अर्थ एकच. ४०,३२० − १०,०८० = ३०,२४०; फटींच्या रीतीनेही तेवढंच येतं. दोघींवर बसलेली सवय तिघींना लावली, की ३६,००० हातात येतात.

आणखी एक अडचण उरते, अटी दोन असतात तेव्हाची. क आणि ख शेजारी नकोत, ग आणि घ सुद्धा शेजारी नकोत. हे चौघेच रांगेत उभे आहेत. एकूण रांगा २४. क-ख शेजारी असलेल्या १२, ग-घ शेजारी असलेल्या १२. दोन्ही वजा केल्या तर उत्तर शून्य येतं, म्हणजे अशी रांग लागूच शकत नाही असा निष्कर्ष निघतो. पण कगखघ ही रांग तर डोळ्यांसमोर उभी आहे.

झालं असं, की कखगघसारख्या ज्या रांगांत दोन्ही जोड्या शेजारी आहेत, त्या दोनदा वजा झाल्या, एकदा क-खच्या नावावर आणि एकदा ग-घच्या. अशा रांगा ८ आहेत: दोन गठ्ठ्यांचा क्रम २ प्रकारे, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या आत पुन्हा २ प्रकारे. त्या एकदाच काढायच्या होत्या, म्हणून एकदा परत मिळवायच्या: २४ − १२ − १२ + ८ = ८. हीच पायरी आठ जणांच्या रांगेत विसरली तर उत्तर २०,१६० येतं, मिळवली तर २३,०४०. पहिल्या आकड्याकडे नुसतं पाहून कुणालाही शंका येत नाही. म्हणून जाणते शिक्षक मोठं गणित सोडवून झालं की तीच अट चार जणांवर लावून रांगा हाताने लिहायला लावतात. इथे त्या एका ओळीत मावतात: कगखघ, कघखग, खगकघ, खघकग, गकघख, गखघक, घकगख, घखगक.