लिंक सात दिवसांची, चॅनेल अकरा वर्षांचं

६ नोव्हेंबर २०२४. दिवाळी आटोपून काका पुण्याहून बडोद्याला परतले आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, ती लिंक उघडतच नाहीये. व्हिडिओ गेले की काय?"

काका आमच्या मराठी मंडळाचे जुने खजिनदार. २०१३ पासून गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळी पहाट असे सगळे कार्यक्रम तेच यूट्यूबवर टाकत आले आहेत. मधल्या काळात मंडळाचं दुसरंही चॅनेल निघालं, लोकांचा गोंधळ होऊ लागला, म्हणून कार्यकारिणीने जुनं चॅनेल बंद करायचं ठरवलं. बंद करण्याआधी सगळे व्हिडिओ उतरवून घ्यायचे, आणि हे काम माझ्याकडे आलं. "तू कॉम्प्युटरवाला आहेस," एवढंच कारण.

त्यात एक अडचण होती. २०१३ च्या गणेशोत्सवात काकूंनी एक भावगीत म्हटलं होतं. काकू आता नाहीत. मूळ चित्रीकरण ज्या हार्ड डिस्कवर होतं, ती केव्हाच बंद पडली. ते गाणं उरलं होतं फक्त त्या चॅनेलवर.

काकांना आधी धीर दिला. लिंक संपली म्हणजे व्हिडिओ गेले नाहीत. गूगल आपल्या माहितीची एक प्रत बनवून ठेवतं आणि काही दिवसांनी ती काढून टाकतं. मूळ व्हिडिओ चॅनेलवर जसेच्या तसे असतात. धोका तेव्हाच, जेव्हा आपण प्रत नीट हातात यायच्या आधीच चॅनेल पुसून टाकतो. आम्ही ते केलं नव्हतं, पण महिनाअखेरीस करणारच होतो.

तीन प्रयत्नांत जे शिकलो ते इथे सांगतो, कारण तुमच्या घरात किंवा मंडळात असं चॅनेल नक्की कोणाकडे तरी असेल.

'तयार' म्हणजे काय तयार?

चॅनेलची सगळी माहिती एकदम उतरवायची सोय म्हणजे गूगल टेकआउट, पत्ता takeout.google.com. तिथे आधी `Deselect all` करायचं, मग फक्त `YouTube and YouTube Music` वर खूण करायची. शेवटी `Create export` दाबलं की काम गूगलकडे जातं. त्यानंतर पानावर सूचना दिसते की प्रत बनते आहे आणि त्याला काही तास किंवा काही दिवसही लागू शकतात. ही सूचना दिसते आहे तोवर काहीही तयार नाही. पान बंद केलं, कॉम्प्युटर बंद केला तरी काम चालूच राहतं.

तयार झाल्यावर त्या खात्याशी जोडलेल्या पत्त्यावर ईमेल येतो. पण ईमेलची वाट बघत बसू नका. तो स्पॅममध्ये जाऊ शकतो, आणि अशाच रूपाचे फसवे ईमेलही फिरत असतात. खरी जागा म्हणजे टेकआउटच्या पानावरचं `Manage exports`. तिथे आपण केलेल्या मागण्यांची यादी असते. प्रत तयार असेल तर कधी बनली ती तारीख, `Available until` खाली शेवटची तारीख आणि डाउनलोडचं बटण दिसतं. पत्ता स्वतः टाइप करून तिथे जायचं, ईमेलमधल्या बटणावर विसंबायचं नाही.

आमचा पहिला प्रयत्न मात्र याच्याही आधी फसला. मागणी केली आणि काही मिनिटांतच प्रत तयार! मला आनंद झाला, मग आकार बघितला: ३ एमबी. अकरा वर्षांचे दोनशेहून अधिक व्हिडिओ ३ एमबीत कसे मावतील? झालं असं होतं की मंडळाचं चॅनेल काकांच्या वैयक्तिक खात्यावर नव्हतं. ते मंडळाच्या नावाच्या ब्रँड खात्यावर होतं, आणि काका त्याचे मालक होते. टेकआउट उघडलं तेव्हा वर कोपऱ्यात काकांचाच फोटो होता. त्यामुळे काकांनी पाहिलेल्या व्हिडिओंची यादी आणि त्यांच्या प्लेलिस्ट आल्या, मंडळाचा एकही व्हिडिओ आला नाही. कोपऱ्यातल्या फोटोवर टिचकी मारून मंडळाचं खाते निवडलं आणि पुन्हा मागणी केली.

म्हणून माझी पहिली सूचना: 'तयार' हा शब्द वाचून थांबू नका, आकार बघा. एका तासाचा साधा कार्यक्रमही एक-दोन जीबीचा असतो. आकार चॅनेलला शोभेसा नसेल, तर चुकीच्या खात्याची प्रत आली आहे किंवा व्हिडिओंवर खूण करायची राहिली आहे.

सात दिवस कुठून मोजायचे?

दुसरी मागणी आम्ही मंगळवारी, २२ ऑक्टोबरला रात्री केली. गुरुवारी, २४ तारखेला सकाळी प्रत तयार झाली, आकार ४६ जीबी. मी काकांना कळवलं. ते म्हणाले, "आम्ही उद्या निघतोय, आल्यावर बघू." मीही 'ठीक आहे' म्हटलं. चूक माझी.

टेकआउटची प्रत साधारण सात दिवस राहते, आणि ते दिवस प्रत तयार झाल्यापासून मोजले जातात. आपण ईमेल कधी उघडला किंवा बटण कधी दाबलं याच्याशी त्यांचा संबंध नसतो. आमची मुदत ३१ ऑक्टोबरला संपली. त्या दिवशी काका पुण्यात आकाशकंदील लावत होते.

"मग तुलाच ईमेल पाठवून दिला असता तर?" काकांनी विचारलं. तसंही जमलं नसतं. ती लिंक ज्या खात्याची आहे त्याच खात्यातून उघडते आणि बहुतेक वेळा पासवर्डही पुन्हा मागते. दुसऱ्याला पाठवली तर त्याला फक्त लॉगिनचं पान दिसतं. ते बरंच आहे, नाहीतर चुकून ग्रुपवर गेलेल्या एका लिंकमधून सगळ्या मंडळाला काकांची माहिती मिळाली असती.

मुदत संपलेली प्रत पुन्हा जिवंत करता येत नाही, नवी मागणीच करावी लागते. आता मी उलटा हिशेब करतो. ज्या आठवड्यात घरी आहे आणि इंटरनेट धड आहे, त्याच आठवड्यात मागणी करायची. प्रत बनायला दोन दिवस लागू शकतात, म्हणून शुक्रवारी रात्री मागणी केली तर शनिवार-रविवार हातात राहतो.

मुदत नको असेल तर एक पर्याय आहे. मागणी करतानाच लिंकऐवजी 'ड्राइव्हमध्ये ठेवा' असं निवडता येतं. मग प्रत आपल्याच ड्राइव्हमध्ये राहते आणि सात दिवसांचं बंधन उरत नाही. पण ती आपल्या साठ्यात मोजली जाते. फुकटचा साठा १५ जीबी, आमची प्रत ४६ जीबीची. तो मार्ग आम्हाला बंदच होता.

पाच वेळा, त्याहून जास्त नाही

तिसरी मागणी शुक्रवारी, ८ नोव्हेंबरला रात्री केली. या वेळी आणखी एक मर्यादा लक्षात ठेवली. प्रत पाचच वेळा उतरवता येते, आणि अर्ध्यात तुटलेला प्रयत्नही या हिशेबात धरला जाऊ शकतो. त्यामुळे फाइलचा आकार ठरवताना विचार करावा लागतो. टेकआउट प्रत्येक फाइलसाठी १ जीबीपासून ५० जीबीपर्यंतचा पर्याय देतं. ५० निवडलं असतं तर ४६ जीबीची एकच फाइल आली असती. काकांकडच्या २० एमबीपीएसच्या जोडणीवर तिला सलग पाच तासांहून जास्त लागले असते, आणि शेवटच्या मिनिटाला वायफाय गेलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून. मी १० जीबी निवडलं. पाच फाइल्स आल्या, प्रत्येकीला साधारण सव्वा तास.

प्रत शनिवारी संध्याकाळी तयार झाली, मुदत १६ नोव्हेंबर. काकांच्या लॅपटॉपचं झोपी जाणं बंद केलं, चार्जर लावला आणि एका वेळी एकच फाइल उतरवायला घेतली. तिसरी फाइल दोनदा तुटली, तिसऱ्यांदा पूर्ण झाली. एकच मोठी फाइल असती तर हे दोन प्रयत्न सगळ्या ४६ जीबीला महागात पडले असते.

सगळ्या भागांच्या नावात तोच शिक्का असतो आणि शेवटी ००१, ००२ असे आकडे. नवी मागणी केली की शिक्का बदलतो. जुन्या मागणीचा पहिला भाग आणि नव्या मागणीचा दुसरा भाग जोडून संच पूर्ण झाला असं समजू नका, कारण दोन्ही वेळा वाटणी सारखीच होईल याची खात्री नसते.

फाइल उतरली म्हणजे ती धड आहेच असं नाही. विंडोजवर ती उघडून आतलं सगळं बाहेर काढून बघावं. मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनलमध्ये ही आज्ञा पुरते, फाइलचं नाव आपलं घालायचं:

```
unzip -t takeout-20241108T174500Z-003.zip
```

शेवटी `No errors detected` असं आलं की तो भाग ठीक.

पुसण्याआधी मोजणी

रविवारी दुपारी आम्ही दोघांनी मोजणी केली. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओ, शॉर्ट्स आणि लाइव्ह वेगवेगळ्या रकान्यांत असतात, त्यांची बेरीज २१४ आली. उतरवलेल्या फोल्डरांमध्ये २१३ निघाले. काकांचा चेहरा पडला. यादी जुळवली तर उरलेला व्हिडिओ कोजागिरीचा होता. तो काकांनी शनिवारी सकाळी, म्हणजे मागणी केल्यानंतर टाकला होता. मागणीनंतर केलेले बदल त्या प्रतीत येतीलच असं नसतं. तो त्यांच्या फोनमध्ये होता, तिथूनच घेतला. नवी मागणी करण्याची गरज पडली नाही.

मग काकांनी २०१३ ची फाइल शोधून उघडली. चित्र थोडं अंधारं होतं, पण आवाज स्पष्ट होता. काका पूर्ण गाणं ऐकून म्हणाले, "हिच्या दोन प्रती कर."

आम्ही सगळ्याच्या दोन प्रती केल्या, वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर. एक काकांच्या कपाटात आहे, दुसरी मंडळाच्या कार्यालयात. दोन्ही डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्या, आणि त्यानंतरच, ३० नोव्हेंबरला, जुनं चॅनेल बंद केलं.