शेवटची रिकामी चौकट

समजा, गावातल्या वाचनालयाने सभासदांना प्रश्नावली वाटली. पुस्तके, वेळ, वर्गणी, सगळ्याला पाचपैकी गुण द्यायचे. १६० फॉर्म परत आले आणि गुणही चांगले पडले. तरी ज्येष्ठ सभासद हल्ली का फिरकत नाहीत, हे काही कळेना. ते कळले शेवटच्या रिकाम्या चौकटीतून: ‘जिना चढवत नाही.’ समितीने जिन्याबद्दल विचारलेच नव्हते. सगळे धडधाकट, त्यांना तो प्रश्न सुचणार कसा?

या चौकटीवर बहुधा ‘आणखी काही?’ एवढेच छापलेले असते. त्याला ‘नाही’ म्हणून मोकळे होता येते. त्यापेक्षा ‘आम्ही विचारायचे राहून गेले, पण तुम्हाला इथे येताना अडचणीचे वाटते, असे काय आहे?’ असे विचारावे. एकच प्रश्न, चार-पाच ओळींची जागा आणि उत्तराची सक्ती नको. अर्ध्या ओळीची जागा ठेवली तर लोक दोन शब्दांवर थांबतात.

खरी पंचाईत पुढे होते. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या अ‍ॅलिशिया ओकॅथेन आणि केट थॉमस यांनी २००४ साली नेमके यावरच लिहिले होते: प्रश्न विचारला जातो, पण उत्तरांचे काय करायचे हे आधी ठरलेले नसते. मग समितीतला एखादा हुशार सदस्य आपल्या मताला सोयीची दोन वाक्ये उचलतो आणि अहवालात घालतो.

ते टाळायला फॉर्मवर क्रमांक घालावेत आणि सगळी उत्तरे एकदा नुसती वाचावीत. मग जिना, उजेड, नवी पुस्तके, कर्मचाऱ्यांचे वागणे असे सहा-सात गट पाडावेत. एक उत्तर दोन गटांतही बसू शकते. पहिली वीस उत्तरे दोघांनी वेगवेगळी लावून पाहावीत. जिथे जुळत नाही, तिथे गटाचे नावच धूसर आहे असे समजावे.

आता हिशेब. १६० पैकी ४० जणांनी लिहिले आणि त्यांतल्या १२ जणांनी जिना काढला. म्हणून ‘तीस टक्के सभासदांना जिना नको’ असे म्हणता येत नाही. लिहितो तो बहुधा चिडलेला किंवा फार खूश असतो. बाकीचे १२० गप्प आहेत, म्हणजे समाधानी आहेत असेही नाही. त्या १२ फॉर्मवरचे वय आणि महिन्यातल्या फेऱ्या पाहाव्यात. सारे साठीपुढचे निघाले तर पुढच्या वेळी सगळ्यांनाच सरळ विचारावे: ‘गेल्या महिन्यात जिन्यामुळे येणे टाळलेत का?’ आकडा त्यातून मिळेल.

उत्तरे फलकावर लावताना जपावे. ‘निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या’ एवढ्यावरून लहान गावात माणूस ओळखू येतो.

आणि एखादी चिठ्ठी कुठल्याच गटात बसत नाही: ‘वाचनकक्षाच्या दाराशी वायर उघडी आहे.’ ती एकट्यानेच लिहिलेली असली तरी त्याच दिवशी वायरमनला बोलवा.