वीस सेकंदांची गाडी

रात्रीचे सव्वानऊ. उदगीरच्या रस्त्याकडेला बाप-लेक उभे आहेत. लेकीच्या पायाशी बॅग, बापाची नजर अंधारात येणाऱ्या दिव्यांवर. "गाडी इथंच येणार ना? का परत बायपासला जाणार?" बाप विचारतो. इथं जाहिरातीचे पहिले ३ सेकंद संपतात, आणि अजून ॲपचं नावही आलेलं नाही.

बसचं तिकीट काढायच्या ॲपची जाहिरात म्हटली की आपल्याला सवलतीचे मोठे आकडे, नाचणारी मुलं आणि ओरडणारा आवाज आठवतो. मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघताना मध्येच येणाऱ्या या जाहिरातींचं काम एकच असतं. बघणाऱ्यानं खालचं बटण दाबावं आणि ॲप फोनमध्ये उतरवून घ्यावं. यूट्यूबवर अशा बऱ्याच जाहिराती ५ सेकंदांनी पुढं ढकलता येतात, आणि रीलमध्ये तर अंगठा त्याही आधी वर सरकतो. म्हणून सुरुवातीला बोधचिन्ह फिरवत बसलं तर पुढचं काही बघायला माणूस थांबत नाही. पहिलं वाक्य त्याच्या मनात आधीपासून असलेलं हवं.

ते वाक्य शोधणं हेच या लेखनातलं खरं काम. मोठ्या शहरात सवलत चालते, कारण तिथं दहा गाड्यांतून एक निवडायची असते आणि कुठून बसायचं हे ठरलेलं असतं. तालुक्याच्या गावातला प्रवासी वेगळ्या काळजीत असतो. एसटीचा स्टँड त्याला ठाऊक आहे, ती तिथंच लागते. ट्रॅव्हल्सचं तसं नाही. ती कधी चौकात थांबते, कधी पेट्रोल पंपावर, आणि उशीर झाला असेल तर गावात न शिरता बाहेरूनच निघते. शिवाय आजवर तो तिकीट काढत आला तो ओळखीच्या एजंटाकडून. गाडी आली नाही तर एजंटाला फोन लावता येतो. ॲपला फोन कुठं लावायचा? पैसे कापले गेले आणि सीट मिळाली नाही तर कुणाला विचारायचं? या शंका पन्नास रुपयांच्या सवलतीनं मिटत नाहीत.

सगळ्या शंका एकाच जाहिरातीत मिटवायला गेलं की ती फसते. २० सेकंदांत, माणसं माणसांसारखी बोलली तर, चाळीस-पंचेचाळीस शब्द मावतात. त्यांतले काही मुद्दाम रिकामे सोडावे लागतात, कारण चेहरा बघायलाही वेळ लागतो. म्हणून एका जाहिरातीत एकच काळजी. उदगीरच्या या संहितेत 'गाडी कुठं थांबणार' एवढीच आहे.

बापाच्या प्रश्नानंतर लेक फोन पुढं करते. "इथंच येणार, पप्पा. पिकअप मीच निवडलाय. पेट्रोल पंपासमोर, रात्री साडेनऊ." तिसऱ्या सेकंदापासून नवव्यापर्यंत पडद्यावर ॲपमधली थांब्यांची यादी दिसते आणि तिचं बोट त्यातल्या एका नावावर टेकतं. मग नकाशावर सरकणारी गाडी. "बघा, देगलूरहून निघालीय." चौदाव्या सेकंदाला दिवे जवळ येतात, गाडी थांबते, बाप बॅग डिकीत ठेवतो आणि म्हणतो, "पोचल्यावर फोन कर गं." शेवटच्या दोन-अडीच सेकंदांत ॲपचं नाव, खाली बटण आणि एक आवाज: "गाडी कुठं थांबणार ते आधी बघा, मग तिकीट काढा." मोजून ३४ शब्द झाले.

लेकीच्या बोलण्यात आधी 'थांबा मीच निवडलाय' असं होतं. कागदावर ते बरोबर दिसतं. मोठ्यानं वाचलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ती बापाला "थांबा, मीच निवडलाय" म्हणतेय. काय निवडलं ते कळतच नाही. ट्रॅव्हल्सनं जाणारे लोक 'पिकअप' म्हणतात, म्हणून तो शब्द आला. संहिता मोठ्यानं वाचल्याशिवाय चित्रीकरणाला देऊ नये, ती अशा कारणांसाठी. हिंदीत चित्रित करून मराठी आवाज चढवलेल्या जाहिरातीत हीच गोष्ट बिघडते. ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. मग बापाची काळजी बापाची वाटत नाही.

आता ही जाहिरात आवाज बंद ठेवून बघा. दुकानात, घरी सगळे झोपल्यावर, पुष्कळ लोक तशीच बघतात. म्हणून प्रत्येक संवाद पडद्यावर मोठ्या अक्षरांत हवा, एका वेळी एकच ओळ. उभ्या व्हिडिओत अगदी तळाशी मजकूर ठेवला तर त्यावर बटण आणि खात्याचं नाव येतं, आणि उजव्या कडेला लाइक-शेअरची चिन्हं असतात. थांब्याचं नाव तिथं गेलं तर सगळी जाहिरातच झाकली गेली. ॲपचा पडदाही पूर्ण दाखवू नये. स्वस्त फोनच्या काचेवर तो वाचता येत नाही. यादीतल्या दोन-तीन ओळी मोठ्या करून दाखवल्या की पुरे.

सगळ्यांत जपायचं ते वचनाला. नकाशावर सरकणारी गाडी फार छान दिसते, पण गाडीत माग काढणारं यंत्र नसेल तर ॲपमध्ये ती दिसणारच नाही. उदगीरच्या मार्गावरच्या गाड्यांत ती सोय नसेल, तर 'देगलूरहून निघालीय' हे वाक्य काढून तिथं चालकाचा फोन नंबर मेसेजमध्ये आलेला दाखवावा, तोही खरोखर येत असेल तरच. भाड्याचंही तसंच. सुरुवातीला कमी भाडं दाखवून पैसे भरताना वेगवेगळी शुल्कं चढवणं हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या क्लृप्त्यांमध्ये मोडतो. जाहिरातीत रक्कम सांगायचीच असेल तर शेवटी जी खिशातून जाणार तीच सांगावी.

जाहिरात चालली का, हे ॲप किती जणांनी उतरवलं यावरून कळत नाही. समजा, १०० जणांनी ॲप घेतलं आणि पहिलं तिकीट दोघांनीच काढलं. तर बहुधा जाहिरातीनं दाखवलेलं आत सापडलं नाही, किंवा त्यांच्या गावाहून गाड्याच नाहीत. तेव्हा संहितेवर मेहनत करण्याआधी ती कुठल्या तालुक्यांत दाखवली जातेय ते तपासावं. उलट लोक तिसऱ्या सेकंदालाच निघून जात असतील, तर दोष पहिल्या वाक्यात असतो. मग बाकी सगळं तसंच ठेवून फक्त सुरुवात बदलून बघायची. बापाऐवजी लेक बोलेल, किंवा कुणी न बोलता गाडी त्यांच्यासमोरून निघून जाईल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळं पडला ते समजत नाही.

गाडी थांबण्याची काळजी मिटली की पुढची जाहिरात तारखेची. शनिवारी रात्री साडेबाराची गाडी पकडायची म्हणून माणूस शनिवारचं तिकीट काढतो. पण बारा वाजल्यानंतर तारीख रविवारची असते, आणि त्याच्या तिकिटावरची गाडी शुक्रवारची रात्र सरता सरता, म्हणजे आदल्या रात्रीच, निघून गेलेली असते. त्या संहितेचं पहिलं वाक्य गाडीच्या दारात उभा असलेला क्लीनर बोलतो, "काका, ही सीट तुमची कालची होती."