पाक साखरतो तेव्हा

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या स्वयंपाकघरात एक वाक्य हमखास ऐकू येते, “अगं बाई, पाक साखरला!” चिरोट्यांसाठी केलेला एकतारी पाक सकाळी पाहावा, तो पातेल्याच्या कडेने पांढरे खडे धरून बसलेला. मग शेजारच्या काकू सांगतात, “अहो वहिनी, थोडे लिंबू पिळायचे होते.” काकूंचा हा सल्ला अगदी शास्त्रशुद्ध आहे; आणि गंमत अशी, की साखरेचा सारा इतिहास म्हणजे हाच सल्ला उलटा वाचणे होय. गृहिणीला जो पाक साखरायला नको असतो, तो साखरावा म्हणून आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या चुलाणापुढे डोळे लाल केले.

लिंबाने होते काय? आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली, की साखरेची फोड होऊन तिच्या द्राक्षशर्करा आणि फलशर्करा अशा दोन निराळ्या शर्करा होतात. त्या पाकात मिसळल्या, की खडे धरू देत नाहीत. उसाचा रस मुळातच किंचित आंबट. ऊस तोडून तसाच पडू दिला किंवा काढलेला रस तास दोन तास उन्हात राहिला, तर त्याचा आंबटपणा वाढतो, आणि मग तो कितीही आटवला तरी हाती चिकट काकवीच येते. म्हणून गुऱ्हाळात आजही ऊस तोडला की गाळण्याची घाई असते. काहिलीत चुन्याची निवळी घालतात तीही या आंबटपणावर उतारा म्हणून. भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात तो मात्र मळी वर आणण्यासाठी. चिकट रसात गाळ अडकतो, फेसाबरोबर वर येतो आणि झाऱ्याने काढून टाकता येतो.

इथपर्यंत गूळ आणि साखर या सख्ख्या बहिणी. पुढे मात्र वाटा फुटतात. गुळव्या रस पार घट्ट होईपर्यंत आटवतो, त्याचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी होते का पाहतो आणि मग ढवळून ढेपा पाडतो. त्या ढेपेत साखरेचे कण असतातच; पण ते इतके बारीक आणि काकवीत असे गुरफटलेले, की वेगळे होणे नाही. साखर हवी असेल, तर काहील जरा आधी उतरवावी लागते. हा दाट पाक, म्हणजे राब, मडक्यात न हलवता, सावकाश निवू द्यायचा. दिवसामागून दिवस जातात, कण कणाला चिकटतो, खडा वाढतो. आणि मग खरी युक्ती: खडे आणि काकवी यांची ताटातूट. आपण समजतो साखर विस्तवावर झाली. माझ्या मते ती टोपलीत झाली, जिच्या तळातून काकवी थेंबथेंब गळून गेली.

ही युक्ती भारतात केव्हा साधली, हे आपल्या जुन्या शब्दांतच दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याने सांभाळायच्या जिनसांमध्ये फाणित, गूड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी ओळ येते. फाणित म्हणजे आपली काकवी. मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी, रवाळ. खण्ड म्हणजे तुकडा. शर्करेचा मूळ अर्थ तर वाळू, खडी! चरकसंहितेतही मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा या उत्तरोत्तर निर्मळ म्हटल्या आहेत. म्हणजे ही नुसती नामावळी नव्हे, काकवी कितपत निथळली याच्या त्या पायऱ्या होत.

आता ही विद्या बाहेर कशी गेली? यातला एक प्रवास इतका नीट नोंदला गेला आहे, की मला तो पुनःपुन्हा वाचावासा वाटतो. इ. स. 647 मध्ये चीनचा तांग सम्राट ताइझोंग याच्या दरबारी मगधाचा दूत आला. चीनमध्ये ऊस होता, त्याचा रस आटवणेही ठाऊक होते. पण मगधासारखी साखर होत नव्हती. सम्राटाने ती रीत शिकून येण्यासाठी माणसे पाठवली, यांगझोऊचा ऊस मागवला आणि त्याच रीतीने साखर करवली. ती रंगाला व चवीला परदेशी साखरेहून सरस उतरली, असे चिनी इतिहासकार अभिमानाने लिहितात.

ती रीत कोणती, याचा कागदही हाती आहे. दुनहुआंगच्या गुहांतून पॅरिसला गेलेल्या हस्तलिखितांत भारतीय साखरेच्या कृतीचे एक फाटके पान आहे. चिनी पंडित जी शियानलिन यांनी 1982 मध्ये त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. (वाल्मीकिरामायण चिनी भाषेत नेणारे संस्कृतज्ञ ते हेच.) पानावर लिहिले आहे ते असे: उसाचे पाच पाच इंची तुकडे करावे, मोठ्या लाकडी उखळात घालून बैलाकडून रस काढावा, पंधरा कढयांत आटवावा. थोडा पाक काडीवर घेऊन निववावा आणि ठोकून पाहावा. तुटला तर झाला, न तुटला तर पुन्हा आटवावा. कोल्हापूरच्या गुळव्याला ही परीक्षा सांगा, तो मान डोलावील. पुढे मात्र वेगळी वस्तू हवी असेल, तर पाक बांबूच्या टोपलीत भरून दार पंधरा दिवस बंद ठेवावे, खाली रांजण ठेवून गळणारे पाणी धरावे आणि टोपलीत उरेल ते हाताने मोकळे करावे. त्या वस्तूचे नाव चिनी लिपीत उच्चारानुसार लिहिले आहे, ‘शा-क-लिंग’. आपली शर्कराच ती!

रोहिलखंडातील खांडसारीवाल्यांनी याच टोपलीला आणखी एक जोड दिली. राबावर पाण्यातले ओले शेवाळ पसरायचे. त्याचा ओलावा हळूहळू खाली झिरपतो आणि खड्यांवरची काकवी धुऊन नेतो. वरचा थर पांढरा झाला की तो खरवडायचा आणि नवे शेवाळ घालायचे. शेवाळाऐवजी पाणी ओतले, तर काकवीबरोबर साखरही विरघळून जाईल. म्हणून हे पाणी थेंबाथेंबानेच द्यायचे.

पश्चिमेकडची वाट शब्दांवरून ओळखता येते. प्राकृतातली सक्करा आपल्याकडे साखर झाली, इराणात शकर, अरबांकडे सुक्कर, स्पेनमध्ये अझुकार आणि इंग्रजांकडे शुगर. खण्डाचा फारसीत कंद झाला, आणि मुलांच्या खिशातली ‘कँडी’ हे त्याचेच पणतू. बांबूच्या टोपलीची जागा तिकडे तळाशी भोक असलेल्या निमुळत्या मातीच्या भांड्याने घेतली. त्यात निथळलेल्या साखरेचे सुळके मिसरातून युरोपात जात. मिसरची ही कसब पुढे चीनलाही पोचली. मार्को पोलो सांगतो, की कुब्लाई खानाच्या काळात ‘बाबिलोन’च्या, म्हणजे कैरोकडच्या, माणसांनी चिन्यांना झाडांच्या राखेने साखर शुद्ध करायला शिकवले. म्हणूनच की काय, हिंदीत पांढऱ्या साखरेला ‘चीनी’ आणि खडीसाखरेला ‘मिश्री’ म्हणतात. मुलगी आपली, पण सासरच्या नावाने परत आली!

याच्या पुढचा प्रवास इतका गोड नाही. 1493 मध्ये कोलंबसाने दुसऱ्या सफरीत ऊस अटलांटिकपलीकडे नेला. तोडलेला ऊस थांबत नाही, म्हणून हंगामात घाणा आणि चुलाण रात्रंदिवस चालवावे लागत. तिथे राबायला आफ्रिकेतून माणसे पकडून नेली गेली. अटलांटिक पार नेण्यासाठी जहाजांत भरलेली माणसे सुमारे सव्वा कोटी होती, आणि त्यांतली कितीतरी उसाच्याच मळ्यांवर गेली. ज्या घाईने गुऱ्हाळात चार रात्रींची गंमत होते, तीच तिथे चाबकाखाली महिनोन्‌महिने चाले.

ब्रिटिश वसाहतींत 1834 पासून गुलामगिरी उठू लागली, तेव्हा मळेवाल्यांनी मजूर हुडकले ते साखरेच्या माहेरीच. त्या वर्षापासून करारावर भारतीय मजूर मॉरिशसला जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज अजून तिथे गणेशोत्सव करतात, आणि त्यांच्या मुलांना शाळेत मराठी शिकता येते.