छायाचित्रातून चित्रकथेचे चित्र : ताडोबातील वाघाच्या छायाचित्राच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

चित्रकथेतील चित्राची ओळख तीन गोष्टींनी पटते : ठळक काळी बाह्यरेषा, मोजक्याच सपाट छटा आणि त्या छटा दाखविणारे छपाईचे ठिपके. 1964 साली टाइम्स ऑफ इंडिया समूहाने सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्त्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे रूप निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. हेच रूप संगणकावर छायाचित्राला देता येते. त्यासाठी कडांचा शोध, छटांचे विभाजन आणि हाफटोन या तीन प्रक्रिया क्रमाने कराव्या लागतात. सूत्रे सोपी आहेत. अडचण येते ती छायाचित्राच्या विषयामुळे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात सर्वांत अवघड, म्हणूनच सर्वांत बोधप्रद विषय म्हणजे बांबूच्या रांजीत उभा असलेला वाघ. वनालगतच्या गावांत वाटायच्या एकरंगी पत्रकासाठी असे चित्र करावयाचे असेल आणि त्यात वाघच दिसेनासा झाला, तर ते पत्रक व्यर्थ ठरते. प्रस्तुत लेखात याच उदाहरणाचा विचार केला आहे.

करडे चित्र आणि हरवलेला वाघ

कडा शोधण्यापूर्वी रंगीत छायाचित्र करडे करण्याचा प्रघात आहे. त्यासाठी लाल, हिरवा व निळा या घटकांना पुढील भार दिला जातो :

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

वाघाच्या अंगावरील नारिंगी रंगाचे मूल्य (200, 125, 60) आणि बांबूच्या पानाचे (120, 160, 85) आहे, असे मानू. सूत्रानुसार पहिल्याची तेजस्विता 140 येते, तर दुसऱ्याची 139. डोळ्यांना अगदी भिन्न दिसणारे हे दोन रंग करड्या चित्रात एकच होतात. कडा शोधणारे सोबेल गणित शेजारच्या बिंदूंमधील फरक मोजते. सरळ उभ्या कडेवर त्याचे उत्तर फरकाच्या चौपट येते. येथे ते फक्त 4 भरते, म्हणजे छायाचित्रातील स्वाभाविक कणांच्या गोंगाटापेक्षाही कमी. परिणामी अंगावरील काळे पट्टे तेवढे रेखाटले जातात, शरीराची बाह्यरेषा उमटत नाही आणि पट्टे बांबूच्या काठ्यांत मिसळून जातात.

हा संगणकाचा दोष नव्हे. हरीणवर्गातील प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात; त्यामुळे नारिंगी आणि हिरवा यांतील भेद त्यांना जवळजवळ जाणवत नाही. चितळापासून लपण्यासाठी जी रंगयोजना वाघाला उपयोगी पडते, तीच करड्या चित्रालाही फसविते.

यावर उपाय म्हणजे तेजस्वितेबरोबर रंगभेदातही कडा शोधणे. केवळ लाल घटक घेतला तर हिरव्या पानांपुढे काम भागते (200 विरुद्ध 120). परंतु उन्हाळ्यात वाळलेले गवत (190, 165, 100) असे असेल, तर लाल घटकातील फरक 10 वर येतो. त्याऐवजी लाल उणे हिरवा असा फरक घेतल्यास वाघाचे मूल्य 75, वाळल्या गवताचे 25 आणि हिरव्या पानाचे उणे 40 येते. दोन्ही ऋतूंत वाघ वेगळा पडतो.

```python
import cv2, numpy as np
img = cv2.imread("wagh.png")
s = cv2.bilateralFilter(img, 9, 50, 7)
b, g, r = cv2.split(s)
d = r.astype(np.int16) - g.astype(np.int16) + 128
d = np.clip(d, 0, 255).astype(np.uint8)
y = cv2.cvtColor(s, cv2.COLOR_BGR2GRAY)
e = cv2.Canny(y, 100, 200) | cv2.Canny(d, 60, 120)
e = cv2.dilate(e, np.ones((3, 3), np.uint8))
```

यातील बायलॅटरल गाळणी कडा शाबूत ठेवून आतील बारीक पोत सपाट करते. ती वगळली तर प्रत्येक गवतकाडी रेषा होऊन बसते. जॉन कॅनी यांनी 1986 मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन मर्यादा असतात. वरच्या मर्यादेपलीकडील कड निश्चित स्वीकारली जाते. दोन्ही मर्यादांच्या मधली कड एखाद्या निश्चित कडेला जोडलेली असेल तरच राखली जाते. पार्श्वभूमी रेषांनी गजबजली तर वरची मर्यादा वाढवावी. बाह्यरेषा तुटक झाली तर खालची कमी करावी. शेवटची ओळ रेषा जाड करते, कारण एक बिंदू रुंदीची रेषा इंचाला 300 बिंदू या प्रमाणात छापल्यास जेमतेम 0.08 मिलिमीटर भरते आणि झेरॉक्स प्रतीत नाहीशी होते. तीन बिंदूंची रेषा सुमारे 0.25 मिलिमीटरची होते व टिकते.

एक मर्यादा मात्र राहतेच. जेपेग छायाचित्रात रंगाची माहिती बहुधा तेजस्वितेपेक्षा निम्म्या सूक्ष्मतेने साठविलेली असते. म्हणून रंगभेदातून मिळालेली कड एखाददुसऱ्या बिंदूने सरकते. मूळ छायाचित्र दुप्पट मोठे घेऊन आरंभीच निम्मे केल्यास हा दोष बराचसा जातो.

छटांचे विभाजन

0 ते 255 या करड्या पट्ट्याचे चार समान भाग केले, तर प्रत्येक भाग 64 चा होतो आणि त्यांना अनुक्रमे 0, 85, 170, 255 ही मूल्ये देता येतात. वाघाच्या बाबतीत हे नैसर्गिकच बसते : पट्टे काळे, पाठ मध्यम, पोट व गाल पांढरे. पण 140 चा नारिंगी 128 या सीमेच्या फार जवळ आहे. पानांतून गळणाऱ्या उन्हात पाठीचा काही भाग 120 वर उतरला की एकाच पाठीवर दोन छटांचे ठिगळ दिसू लागते. समान भागांचा हट्ट सोडून, आलेखावर जेथे बिंदूंची संख्या कमी असेल त्या दरीत सीमा न्यावी. येथे ती 105 च्या आसपास नेल्यास पाठ एकसंध राहते.

ठिपके

इंचाला 300 बिंदूंच्या चित्रात 8 बिंदूंची चौकट घेतल्यास इंचाला 37 ते 38 ठिपक्यांच्या ओळी पडतात. डोळ्यांना ठिपके दिसावेत हाच हेतू असल्याने ही जाड जाळी योग्य आहे. चौकटीची बाजू s आणि काळेपणाचे प्रमाण c असेल, तर ठिपक्याची त्रिज्या अशी मिळते :

```
r = s * sqrt(c / 3.1416)
```

170 छटेचा काळेपणा एक तृतीयांश, म्हणून त्रिज्या 2.6 बिंदू; 85 छटेचा दोन तृतीयांश, म्हणून 3.7 बिंदू. 255 म्हणजे कोरा कागद आणि 0 म्हणजे सलग शाई. चार छटांना ठिपक्यांचे दोनच आकार पुरतात, आणि चित्रकथेचा भास नेमका येथून निर्माण होतो. वृत्तपत्रातील छायाचित्रात ठिपके जागोजागी लहानमोठे होत जातात, तर चित्रकथेत एका क्षेत्रातील सारे ठिपके सारखे असतात. छटाविभाजन ठिपक्यांच्या आधी करावे लागते ते यामुळेच. 3.7 त्रिज्येच्या ठिपक्यांत अंतर फार थोडे उरते आणि छापताना शाई पसरते. तो भाग काळाकुट्ट आल्यास त्रिज्या 3.3 पर्यंत उतरवावी.

ठिपक्यांच्या ओळी 45 अंशांनी तिरप्या ठेवाव्यात. आडव्याउभ्या ठेवल्यास त्या बांबूच्या उभ्या काठ्यांशी समांतर येतात आणि नको असलेल्या लाटा उमटतात. ठिपके पडल्यानंतर चित्र लहानमोठे केले तरी याच लाटा येतात. म्हणून छपाईचे माप आधीच ठरवून चित्र पीएनजी स्वरूपात साठवावे. वृत्तपत्रातून स्कॅन केलेले छायाचित्र तर मुळातच घेऊ नये, कारण त्यात एक जाळी आधीच असते.

बाह्यरेषांचा थर सर्वांत शेवटी, ठिपक्यांवर सलग काळ्या रंगात चढवावा. तो आधी चढविला तर रेषाच ठिपक्यांत फुटतात.

अशा रीतीने तयार झालेल्या चित्रात अंगावरील पट्टे जाड झालेले असतात, काही जोडले गेलेले तर काही गाळणीत पुसले गेलेले असतात. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची रचना वेगळी असते व तिच्यावरूनच वाघांची ओळख पटविली जाते; त्यामुळे पत्रकावरील या चित्रावरून विशिष्ट वाघ ओळखण्याचा प्रयत्न करू नये आणि मूळ छायाचित्र स्वतंत्रपणे जपून ठेवावे.