सेल संपला, पोस्ट उतरेना

समजा, दादरच्या एका साडीच्या दुकानाने वेबसाइटवर पोस्ट टाकली: ‘पैठणीवर ३० टक्के सूट, रविवारी रात्री ११.५९ पर्यंत’. साइट वर्डप्रेसवर आहे आणि मुदत संपताच पोस्ट आपोआप उतरावी म्हणून ‘पब्लिशप्रेस फ्युचर’ हे प्लगइनही बसवलेलं आहे. तरी सोमवारी पहाटे पाचला पोस्ट जागच्या जागी!

प्लगइनचा यात दोष नाही, गोम घड्याळात आहे. साइटची वेळ बदलली नसेल, तर ती बहुधा यूटीसीप्रमाणे चालते. भारत तिच्या साडेपाच तास पुढे. तिथे रविवारचे ११.५९ होतात तेव्हा दादरला सोमवारचे पहाटेचे ५.२९ झालेले असतात. Settings मधल्या General पानावर Timezone पुढे Kolkata निवडलं की हा घोळ मिटतो.

घड्याळ लावूनही पोस्ट रेंगाळते, कारण वर्डप्रेसचं वेळापत्रक स्वतःहून चालत नाही. कुणी साइट उघडली की मगच ते ‘काही काम राहिलंय का’ हे तपासतं. रात्रभर कुणी फिरकलंच नाही, तर सकाळी येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला जुनी सूट दिसू शकते. म्हणून जाणकार होस्टिंगच्या सर्व्हरवरच क्रॉन लावतात. मग दर पाच मिनिटांनी हे काम होतं, गिऱ्हाईक येवो न येवो:

```
*/5 * * * * wget -q -O /dev/null https://example.com/wp-cron.php
```

उरला कॅशे, म्हणजे पानाची साठवून ठेवलेली प्रत. लॉग-इन केलेल्या मालकाला बहुतेकदा ताजं पान दिसतं, बाहेरच्यांना मात्र जुनंच. त्यामुळे पोस्ट उतरली का, हे लॉग-आउट करून, मोबाइलच्या इन्कॉग्निटो टॅबमध्ये पाहावं.

उतरलेल्या पोस्टचं करायचं काय? कचरापेटीत टाकली तर वर्डप्रेस ती साधारण ३० दिवसांनी कायमची पुसतं. ड्राफ्ट केली तर मजकूर पुढच्या वर्षी कामी येतो, पण जुनी लिंक उघडणाऱ्याला ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसतं. दरवर्षीचा सेल असेल, तर पत्ता तोच ठेवून मजकुराच्या जागी ‘यंदाचा सेल संपला’ असं लिहिणं अधिक शहाणपणाचं. पान हटवण्याची घाई बरेच जण उगाच करतात.

इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांनी आपोआप जाते. साधी पोस्ट मात्र हाताने Archive करावी लागते. तिचे लाइक आणि कमेंट शाबूत राहतात आणि ती पुन्हा दाखवताही येते. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर ‘ऑफर’ टाकताना सुरुवातीची आणि शेवटची तारीख आधीच भरावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड होत गेलेलं पोस्टर मात्र यातलं कुठलंच प्लगइन परत बोलावू शकत नाही. त्याची शेवटची तारीख वर्षासकट चित्रावरच छापलेली हवी, तीही सुटीच्या आकड्याशेजारी, ठळक.